मंजुरी अडली तर वरच्या साहेबांना काय लिहावे? ठपका न ठेवता ई-मेल लिहिण्याची रीत

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरचा लिलाव झाला की वाहन भुईकाट्यावर जाते. वजन होते आणि मग माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होतो. खळ्यावर कांदा निवडून गोणीत भरला की पुन्हा लहान काट्यावर वजन. 1947 पासून चालत आलेल्या या बाजारात आणि विंचूर व निफाडच्या उपबाजारात वजनकाट्याशिवाय एक पाऊल पुढे पडत नाही. त्यामुळे काटा दुरुस्त करणाऱ्या कारागिराला इथे बारा महिने काम असते, आणि उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली की त्याला जेवायला फुरसत मिळत नाही.

परंतु हे काम कुणीही उठून करू शकत नाही. वैधमापनशास्त्र अधिनियम 2009 प्रमाणे वजने आणि मापे यांची दुरुस्ती करायची तर परवाना लागतो. सरकारी भाषेत अशा कारागिराला 'दुरुस्तक' म्हणतात. परवाना नसताना काटा दुरुस्त केला तर तो कायद्याचा भंग ठरतो. दुरुस्तीनंतर काट्याची पुन्हा पडताळणी होऊन त्यावर शासकीय मुद्रा उमटावी लागते, त्यामुळे हे काम लपूनछपून होण्यासारखेही नाही. अर्ज केला आणि तो अडकला, तर हुनर हातात असूनही कारागिराला हंगाम नुसता पाहत बसावे लागते.

असा अर्ज अडतो तेव्हा वरच्या अधिकाऱ्याला ई-मेल कसा लिहावा, हे आज पाहू. उदाहरण काट्याच्या कारागिराचे घेतले आहे. गाळ्याची परवानगी, विजेचा वाढीव भार किंवा कर्जाची मंजुरी अडली असेल तरी लिहिण्याची रीत हीच.

नमुन्याचे प्रकरण

समजा, लासलगावातील एका कारागिराने 6 जानेवारीला दुरुस्तक परवान्यासाठी ऑनलाईन अर्ज केला. 17 जानेवारीला निरीक्षक साहेब कारखान्यावर येऊन हत्यारे आणि तपासणीची वजने पाहून गेले. 20 जानेवारीला त्रुटी निघाली. भाडेकरारावर गाळा क्रमांक लिहिला आहे आणि वीजबिलावर गट क्रमांक आहे, तेव्हा दोन्ही जागा एकच असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला द्यावा, असे कळवण्यात आले. कारागिराने दाखला मिळवला आणि 3 फेब्रुवारीला जिल्हा कार्यालयात हातोहात देऊन पोच घेतली.

त्यानंतर काहीच हालचाल नाही. 24 फेब्रुवारीला तो निरीक्षक साहेबांना भेटला.

"साहेब, माझ्या परवान्याचे काय झाले?"

"मिस्त्री, माझा अहवाल मी केव्हाच पाठवला आहे. आता ते वरच्या टेबलावर."

वरच्या टेबलावर विचारले, तर उत्तर मिळाले की "तुमच्याकडूनच पूर्तता यायची आहे." हातात पोच असताना असे ऐकले की माणसाचा पारा चढणारच. त्याच रात्री तो पुढीलप्रमाणे मजकूर लिहायला बसतो:

"वारंवार हेलपाटे घालूनही आपल्या कार्यालयातील कर्मचारी जाणूनबुजून टाळाटाळ करीत आहेत. माझा अर्ज महिनाभर धूळ खात पडला आहे. संबंधितांवर कारवाई करून मला न्याय द्यावा."

त्याचा राग खरा आहे, तरी हे पत्र पाठवू नये. का, ते समजून घेणे जरुरीचे आहे.

ठपक्याचे पत्र कुठे जाते?

वरच्या साहेबांकडे आलेले पत्र ते स्वतः निकाली काढत नाहीत. त्यावर शेरा मारून ते खाली पाठवतात, आणि ते त्याच टेबलावर येते जिथे आपला अर्ज आहे. पत्रात 'जाणूनबुजून' असा शब्द असला की टेबलावरच्या माणसाला दोन कामे होतात. एक म्हणजे आपला अर्ज, आणि दुसरे म्हणजे स्वतःचा खुलासा. तो खुलासा आधी लिहितो, कारण त्याची नोकरी त्यात असते. खुलाशात तो कागदांतली प्रत्येक उणीव मोजून दाखवतो. अर्जावर निर्णय मागितलेला असतो, आणि हाती येते उणिवांची यादी.

दुसरे कारण याहून मोठे आहे. उशीर का झाला हे अर्जदाराला बाहेरून दिसत नाही. आपल्या नमुन्यातच पाहा. कारागिराने दाखला हातोहात दिला, परंतु अर्ज ऑनलाईन होता. कागद आवक शाखेतून कागदी फाईलला जोडला गेला. संगणकावर मात्र तो चढवलेला नाही, म्हणून तिथे अर्जाची स्थिती अजूनही 'त्रुटीपूर्ततेसाठी प्रलंबित' अशीच दिसते. टेबलावरचा कर्मचारी पडदा पाहून "पूर्तता यायची आहे" म्हणतो, आणि कारागीर पोच पाहून "दिली आहे" म्हणतो. दोघेही खरे बोलत आहेत. इथे 'जाणूनबुजून' लिहिले तर आरोप खोटा ठरतो, आणि आरोप खोटा ठरला की त्याच पत्रातील खरी तक्रारही हलकी पडते.

म्हणून पत्राचा विषय माणूस नसावा. अर्ज आज कुठे आहे, हा त्याचा विषय असावा.

कुणाला लिहावे?

ज्या टेबलावर अर्ज आहे त्याच्या एक पायरी वर लिहावे. वैधमापनशास्त्र यंत्रणेत निरीक्षकाच्या वर सहायक नियंत्रक, त्यांच्या वर उपनियंत्रक आणि सर्वांत वर राज्याचे नियंत्रक अशी उतरंड आहे. अर्ज सहायक नियंत्रकांच्या कार्यालयात असेल तर ई-मेल उपनियंत्रकांना जावा. पहिल्याच पत्रात नियंत्रक, मंत्री आणि आमदार यांना प्रती लावल्या, तर शब्द कितीही नम्र असले तरी पत्र आरोपपत्रच वाटते.

ज्या कार्यालयात अर्ज आहे, त्यालाही सीसीमध्ये जरूर ठेवावे. याने दोन गोष्टी साधतात. आपण पाठीमागे चुगली केली असे कुणाला वाटत नाही, आणि पुष्कळदा वरून शेरा येण्याआधीच खालून हालचाल होते. शक्य असेल तर एक दिवस आधी तोंडी सांगावे, "साहेब, उद्या वर एक विनंती पाठवतो आहे, तुम्हालाही प्रत देतो आहे." एवढ्या एका वाक्यावर कधी कधी काम तिथेच होऊन जाते.

ई-मेलचा मजकूर

आता आपल्या कारागिराचे पत्र नव्याने लिहू. तारीख 3 मार्च धरू.

विषय: दुरुस्तक परवाना अर्ज क्रमांक (अमुक), लासलगाव. त्रुटीपूर्तता 3 फेब्रुवारी रोजी सादर, पुढील निर्णयासाठी विनंती.

प्रति,
मा. उपनियंत्रक, वैधमापनशास्त्र

महोदय,

मी लासलगाव, तालुका निफाड येथील वजनकाटा कारागीर आहे. दुरुस्तक परवान्यासाठी मी 6 जानेवारी रोजी ऑनलाईन अर्ज केला आहे. अर्जाची वाटचाल अशी आहे:

6 जानेवारी: अर्ज आणि शुल्क सादर.
17 जानेवारी: निरीक्षकांकडून जागेची तपासणी.
20 जानेवारी: जागेच्या पत्त्याबाबत त्रुटी कळविण्यात आली.
3 फेब्रुवारी: ग्रामपंचायतीचा दाखला जिल्हा कार्यालयात सादर. आवक क्रमांक (अमुक).
2 मार्च: संकेतस्थळावर स्थिती 'त्रुटीपूर्ततेसाठी प्रलंबित' अशी दिसते.

दाखला कागदी स्वरूपात दिल्यामुळे तो ऑनलाईन अर्जाला जोडला जाणे राहिले असावे, अशी शक्यता वाटते. दाखला आणि पोच यांची प्रत सोबत जोडली आहे. दाखला मी स्वतः ऑनलाईन चढवावा, की कार्यालयाकडील प्रत पुरेशी आहे, हे कृपया कळवावे. याखेरीज आणखी कोणतीही पूर्तता बाकी असल्यास तीही एकदाच कळवावी. मी दोन दिवसांत करीन.

लासलगाव बाजारात उन्हाळ कांद्याची आवक मार्चअखेरीपासून वाढते. 20 मार्चपर्यंत निर्णय झाल्यास या हंगामात मला काम सुरू करता येईल. तपासणीच्या वेळी आणि त्यानंतर कार्यालयाकडून मिळालेल्या सहकार्याबद्दल मी आभारी आहे.

आपला विश्वासू,
(नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक)

प्रत: मा. सहायक नियंत्रक, जिल्हा कार्यालय

एवढेच पत्र. मोबाईलच्या पडद्यावर साहेब ते दोन मिनिटांत वाचू शकतात.

यात काय साधले ते पाहा

विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक, गाव आणि झालेली गोष्ट आली आहे. 'तातडीचे', 'अन्यायाबाबत' किंवा 'तक्रार' हे शब्द त्यात नाहीत. 'तक्रार' लिहिले की पत्र बहुधा तक्रारींच्या नोंदीत जाते आणि त्याची वाट वेगळी होते. आपल्याला तर निर्णय हवा आहे.

तारखांच्या पाच ओळींत कुणाचेही नाव नाही. निरीक्षक आणि जिल्हा कार्यालय ही पदे व ठिकाणे आली आहेत, तीही काम झाल्याची नोंद म्हणून. आपली भाषा इथे मदतीला येते. "तुम्ही कळवले नाही" याऐवजी "अद्याप कळलेले नाही" म्हणता येते. "त्यांनी फाईल अडवली" याऐवजी "अर्ज या टप्प्यावर आहे" म्हणता येते. परंतु यातही एक मर्यादा पाळावी. ठपका टाळण्याच्या नादात ठिकाणच गाळले तर पत्र निरुपयोगी होते. "माझा अर्ज बरेच दिवस प्रलंबित आहे, कृपया लक्ष घालावे" यात दोष कुणालाच नाही, पण अर्ज कुठे शोधायचा हेही साहेबांना कळत नाही. म्हणून माणूस गाळावा, टप्पा गाळू नये.

उशिराचे कारण 'शक्यता' म्हणून लिहिले आहे, आणि ते कुणाच्या स्वभावात न शोधता कामाच्या रीतीत शोधले आहे. कागदी प्रत आणि ऑनलाईन नोंद यांच्यामध्ये काहीतरी राहिले, असे म्हणण्याने सर्वांना वाट मोकळी होते. साहेब खाली विचारतील तेव्हा "हो, चढवायचे राहिले होते, चढवतो" म्हणणे सोपे जाते. मात्र नम्रता दाखवण्यासाठी नसलेली चूक पदरी घेऊ नये. "माझ्याकडून पूर्तता राहिली, माफ करावे" असे लिहिले तर पुढे अपिलात हेच वाक्य आपल्यावर येते. पोच हातात आहे, तेव्हा 'सादर केले' असेच लिहावे.

मागणी एकच आहे आणि तिचे उत्तर एका ओळीत देता येते. 'स्वतः चढवू, की तुमच्याकडील प्रत पुरेशी आहे?' असा प्रश्न वाचला की साहेबांना काय शेरा मारायचा ते लगेच सुचते. 'न्याय द्यावा' यावर शेरा काय मारणार?

नुकसानीचे रडगाणेही गायलेले नाही. हंगामाची तारीख दिली आहे आणि ती का महत्त्वाची आहे ते सांगितले आहे. घाई का आहे हे समजायला तेवढे पुरते.

शेवटची आभाराची ओळ खरी असेल तरच लिहावी. तपासणी वेळेवर झाली होती म्हणून ती इथे शोभते. उगाच लिहिलेले आभार टोमण्यासारखे वाटतात.

पोच आणि जोडपत्रे

सोबतचे कागद एकाच पीडीएफमध्ये जोडावेत: अर्जाची पावती, त्रुटीचे पत्र, दाखला, आणि आवक शिक्क्याची पोच. चार पानांपेक्षा जास्त नकोत. फाईलच्या नावात अर्ज क्रमांक असावा. मोबाईलवर तिरके काढलेले, अर्धवट सावलीतले दहा फोटो कुणी उघडून पाहत नाही.

ई-मेल गेला म्हणजे तो नोंदवला गेला असे धरू नये. सरकारी कार्यालयात आवक क्रमांक पडलेल्या कागदाला वजन असते. म्हणून त्याच मजकुराची छापील प्रत टपालाने पाठवावी किंवा आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. नाहीतर दोन दिवसांनी फोन करून ई-मेलचा आवक क्रमांक तरी विचारून ठेवावा.

कायद्याचा उल्लेख केव्हा करावा?

दोन कायदे माहीत असावेत. पहिला 2005 सालचा, शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करण्याबाबतचा महाराष्ट्राचा अधिनियम. त्यानुसार साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या फाईलवर 45 दिवसांत निर्णय व्हावा. दुसरा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015. या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला ठरावीक मुदत, सेवा देणारा पदनिर्देशित अधिकारी आणि अपील ऐकणारा अधिकारी नेमलेला असतो. ही माहिती कार्यालयाच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे, आणि 'आपले सरकार' संकेतस्थळावरही पाहता येते.

पहिल्या ई-मेलमध्ये ही कलमे लिहू नयेत. कलम लिहिले की दोष न देताही दोष दिल्यासारखे होते. परंतु आपल्या वहीत मात्र दोन तारखा लिहून ठेवाव्यात. लोकसेवा हक्क कायद्याची मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. म्हणजे संगणकावर त्रुटी उघडी दिसत असेल, तर आपली मुदत सुरूच झाली नाही असे कुणी म्हणू शकेल. आपल्या कारागिराने दाखल्याचा प्रश्न सर्वांत आधी मिटवायला हवा, तो यासाठीच. दुसरी तारीख अपिलाची. मुदत संपल्यापासून किंवा अर्ज नाकारल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील करायचे असते. सबळ कारण असेल तर 90 दिवसांपर्यंतचे अपील दाखल करून घेता येते, पण त्यावर विसंबू नये. आपला ई-मेल म्हणजे अपील नव्हे, आणि तो पाठवल्याने अपिलाचे घड्याळ थांबत नाही. नम्र पत्राच्या उत्तराची वाट पाहता पाहता ही तारीख उलटून गेली, तर नम्रतेची किंमत हक्काने मोजावी लागते.

उत्तर आले नाही तर?

सात कामकाजाचे दिवस थांबावे. नंतर नवे पत्र न लिहिता त्याच ई-मेलला उत्तर म्हणून चार ओळी पाठवाव्यात, म्हणजे आधीचा मजकूर खाली आपोआप राहतो. त्यात मधल्या काळात बदललेली एखादी गोष्ट सांगावी. उदाहरणार्थ, "दाखला 5 मार्च रोजी मी ऑनलाईनही जोडला असून स्थिती आता 'छाननी सुरू' अशी दिसते. निर्णय केव्हापर्यंत अपेक्षित आहे, हे कळावे." या दुसऱ्या पत्रात "लोकसेवा हक्क अधिनियमानुसार या सेवेची मुदत अमुक तारखेस पूर्ण होते" एवढे वाक्य घालण्यास हरकत नाही. ती धमकी ठरत नाही, तारखेची माहिती ठरते. तीही उलटली तर मात्र अपील करावे. अपिलातही हीच तारखांची यादी कामाला येते. पुन्हा नव्याने काही लिहावे लागत नाही.

एका ठिकाणी मात्र ही रीत वापरू नये. कुणी पैसे मागितले असतील तर तो उशिराचा प्रश्न राहत नाही. ते 'विलंब' म्हणून गोड शब्दांत वर लिहिणे चूक, आणि पुराव्याशिवाय ई-मेलमध्ये आरोप करणेही चूक. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे आणि त्याचा 1064 हा क्रमांक आहे. ती वाट वेगळी ठेवावी.

आपल्या नमुन्याच्या कारागिराने रागाचे पत्र पाठवले असते, तर मार्चभर खुलासे चालले असते आणि संगणकावरची 'त्रुटी' तशीच राहिली असती. तारखांचे पत्र पाठवले, तर पहिला प्रश्न निघतो तो दाखला चढवण्याचा, आणि ते काम पाच मिनिटांचे आहे. परवाना मिळाल्यावर हाच कारागीर पुढची कित्येक वर्षे त्याच निरीक्षक साहेबांसमोर दुरुस्त केलेले काटे पडताळणीसाठी घेऊन जाणार आहे. आजचे पत्र लिहिताना त्या दिवसाचा विचार जरूर करावा.